शेवटचा अंक झाकून काय साधले?

घरातला जुना मोबाइल विकायचा ठरला की त्याचे आणि त्याच्या खोक्याचे छायाचित्र काढून ओळखीच्या चार गटांत पाठवले जाते. खोक्यावरच्या लेबलावर १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. तो सगळ्यांना दिसू नये एवढे बहुतेकांना कळते. म्हणून शेवटच्या एक-दोन अंकांवर बोट ठेवतात किंवा रेघ ओढतात. माझ्या मते हे झाकणे म्हणजे नुसते समाधान आहे. का, ते गणितानेच पाहू.

हे १५ अंक तीन भागांचे असतात. पहिले ८ अंक फोनचे मॉडेल सांगतात. त्या मॉडेलच्या असंख्य फोनांवर ते तेच असतात. पुढचे ६ त्या एका नगाचा अनुक्रमांक. शेवटचा, पंधरावा, हा पडताळ्याचा अंक. तो कोणी मनाने देत नाही, आधीच्या १४ अंकांवरून काढतात.

उदाहरणादाखल नेहमी दिला जाणारा एक क्रमांक घेऊ: ४९०१५४२०३२३७५१, आणि शेवटचा अंक झाकलेला. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे एकाआड एक अंक दुप्पट करा. दुप्पट दोन अंकी आली तर तिचे अंक मिळवा; ९ ची दुप्पट १८, म्हणून १ + ८ = ९. आता क्रमाने मिळते ४, ९, ०, २, ५, ८, २, ०, ३, ४, ३, ५, ५, २. बेरीज ५२. तिला दहाच्या पुढच्या पटीपर्यंत, म्हणजे ६० पर्यंत नेणारा अंक ८. झाकलेला अंक आठच! वही-पेन्सिलीने दोन मिनिटांचे काम.

शेवटचा सोडून मधला कोणताही एक अंक झाकलात तरी तीच गत होते. बेरीज दहाच्या पटीत यायची तर त्या जागी एकच अंक बसतो. दोन अंक झाकले, तर शंभर जोड्यांपैकी फक्त दहा पडताळ्यात बसतात. अनुक्रमांकाचे सहाही अंक झाकून पडताळ्याचा अंक उघडा ठेवला तर १ लाख शक्यता उरतात, आणि तोही झाकला तर १० लाख. म्हणून झाकायचे ते शेवटचे सातही अंक. फोनला दोन सिमे असतील तर लेबलावर असे दोन क्रमांक असतात, दोन्ही झाकावेत.

एवढी काळजी कशाला, असे कोणी विचारील. चोरीच्या फोनावर दुसऱ्याचा क्रमांक चढवण्याचा उद्योग चालतो. २०२० साली मेरठच्या पोलिसांना एकाच आयएमईआयवर चालणारे १३ हजारांहून अधिक फोन आढळले होते. एकच क्रमांक अनेकांच्या हाती असला तर खरा मालक कोण हे शोधणे किती अवघड, ते सांगायला नको.

पण अंक झाकले तरी त्यांच्याच वर किंवा खाली बारकोडच्या उभ्या रेघा असतात, आणि त्यांत तोच क्रमांक लिहिलेला असतो. येथे फसगत हमखास होते. बारकोडची माहिती रेघांच्या जाडीत आणि मधल्या अंतरात असते, उंचीत नसते. त्यामुळे मधोमध काळा पट्टा मारून वर दोन मिलिमीटरची किनार राहिली, तरी ती वाचता येते. झाकायचा तर वरपासून खालपर्यंत. पडताळा सोपा: दुसऱ्या फोनवरच्या बारकोड वाचणाऱ्या ॲपने आपलेच छायाचित्र वाचून पाहा.

झाकायचे कशाने, याबद्दल माझे मत जुन्या वळणाचे आहे. फोनमधल्या रंगीत पेनाची रेघ पुष्कळदा अर्धपारदर्शक असते, उजळपणा वाढवला की खालचे अंक डोकावतात. धूसर केलेले अंकही सुरक्षित नाहीत; अंक मुळात दहाच, ते एकेक करून तसेच धूसर करून कोणीही ताडून पाहू शकतो. त्यापेक्षा छायाचित्र काढण्यापूर्वीच लेबलावर जाड कागदाची पट्टी चिकटवावी. जे कॅमेऱ्याने पाहिलेच नाही ते कोण उकरून काढणार? कुरियरच्या चिठ्ठीवरचे नाव, पत्ता नि दूरध्वनी क्रमांकही असेच झाकावेत.

मात्र सगळे लेबल काळे करणाऱ्यांशीही माझे जमत नाही. मॉडेलचे नाव, साठवणक्षमता, रंग, ते पहिले ८ अंकसुद्धा खुशाल दिसू द्यावेत. ते त्या जातीच्या असंख्य फोनांना सारखेच आहेत, आणि घेणाऱ्याला वस्तू पारखायला तेवढे हवेच. फोन चोरीचा नाही ना, हे पाहण्याचा त्याला हक्क आहे. तो त्याने समोरासमोर बजावावा. विकणाऱ्याने `*#06#` हे बटण-क्रमाने दाबून पडद्यावर पूर्ण क्रमांक दाखवावा, घेणाऱ्याने तो खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळवावा आणि `KYM` हे अक्षर, मग जागा सोडून ते १५ अंक असा संदेश १४४२२ वर पाठवून उत्तर येईपर्यंत पैसे खिशातच ठेवावेत.