किलो की लिटर?

‘‘एवढं नऊ माणसांचं घर आणि तुम्ही अजून गांधी बझारमधूनच महिन्याचं सामान भरता?’’ हा प्रश्न या आठवड्यात एका मुंजीच्या पंगतीत पुन्हा कानावर आला आणि माझं जेवणावरचं लक्ष उडालं. विचारणाऱ्या बाईंनी हिशेब कधीच मांडलेला नव्हता. पोतं मोठं म्हणजे भाव कमी आणि भाव कमी म्हणजे बचत, एवढंच त्यांचं गणित होतं. माझ्या धाकट्या दिरांचंही तेच. ‘‘वहिनी, यशवंतपूरच्या यार्डातून एकदाच काय ते आणू, महिनाभर बघायला नको,’’ असं ते दर दिवाळीआधी म्हणतात. या वेळी आम्ही खरंच आणलं, आणि आमच्या वहीत (नेहमीच्या वाचकांना ती माहीत आहे, सासूबाईंच्या काळापासून चालत आलेली) पैन् पै लिहून ठेवली.

बसवनगुडीत राहणाऱ्याला घाऊक खरेदीचे तीन रस्ते आहेत. भाजीसाठी केआर मार्केट आणि त्याला लागून कलासीपाळ्य. नॅशनल कॉलेजच्या स्टेशनावरून मेट्रोने ते एकच स्टेशन. धान्य, कांदे, बटाटे यांसाठी शहराच्या पार दुसऱ्या टोकाचं यशवंतपूरचं यार्ड. तिसरा रस्ता कार्डवाल्या मोठ्या गोदामांचा. जर्मनीच्या मेट्रो कंपनीने भारतातली आपली सुरुवात २००३ मध्ये आपल्याच शहरातून केली, यशवंतपूर आणि कनकपुरा रोड इथे. २०२३ मध्ये तो सगळा कारभार रिलायन्सने घेतला. मूळ बेत किराणा दुकानदार, हॉटेलवाले, केटरर यांच्यासाठी होता, घरगुती गिऱ्हाइकासाठी नव्हे. अमेरिकेतल्या आमच्या भाचीचं कॉस्टको वेगळं. तिथे कोणीही वर्षाची वर्गणी भरून आत जातो, आणि कंपनीच्या नफ्याचा मोठा भाग त्या वर्गणीतूनच येतो.

आता आमची यार्डाची खेप. आणलं ते एवढंच: कांद्याचं ५० किलोचं पोतं, सोना मसुरीच्या २६ किलोच्या दोन पिशव्या, १० किलो तूरडाळ आणि ३० किलो ज्वारी. एकूण १४२ किलो. मालवाहू रिक्षा आणि हमाली मिळून ७१० रुपये झाले, म्हणजे किलोमागे बरोबर ५ रुपये. हा पाचाचा आकडा हातात होता, म्हणूनच पंगतीतल्या बाईंना काय उत्तर द्यायचं ते मला कळलं. भाडं वजनावर बसतं. ११८ रुपयांच्या डाळीच्या किलोला पाच आणि २२ रुपयांच्या कांद्याच्या किलोलाही पाचच.

कांदा यार्डात २२ रुपये होता, आमच्या दारावरच्या गाडीवर ३२. दहा रुपयांचा फरक बघून दीर खूश. भाडं धरून कांदा पडला २७ ला, म्हणजे ५० किलोचे १,३५०. पण आमच्या घरात कांदा लागतो दिवसाला किलोभर, म्हणजे पोतं जवळजवळ दोन महिन्यांचं. बंगळूरची हवा दमट, आमची माळ्याखालची खोली अंधारी. पोत्याच्या वरच्या थरातला कांदा मोठा, कोरडा, लालसर होता. मध्यावर पोचलो तेव्हा मानेशी मऊ झालेले निघायला लागले, आणि एक नासका सापडला की त्याला टेकलेले चार ओले असायचेच. पुढे कोंब फुटले. टाकलेलं आम्ही तोलून बघितलं, ९ किलो भरलं. खाल्लेला कांदा ४१ किलो, पैसे १,३५०, म्हणजे किलोला ३३ च्या आसपास. गाडीवाल्याकडून तेवढाच कांदा १,३१२ रुपयांत आला असता, तोही हाताने निवडून.

पोतं घ्यायचंच असेल तर यार्डात उघडून मधल्या थरातला कांदा मानेशी दाबून बघावा, आणि घरी आल्याबरोबर सगळा जमिनीवर पसरावा. पोत्यात ठेवलेला कांदा पोत्यातच कुजतो.

तांदळात गंमत वेगळी आहे. १८ जुलै २०२२ पासून पॅक करून लेबल लावलेल्या धान्याला ५ टक्के जीएसटी लागला, पण तो २५ किलोपर्यंतच्या पॅकला. त्यावरच्या पोत्याला नाही. म्हणून बाजारात एकाएकी २६ किलोच्या पिशव्या आल्या. आपल्या कोपऱ्यावरचा दुकानदारही तीच २६ किलोची पिशवी विकतो, कर न लागलेली, आणि पोरगा ती जिना चढून आत ठेवून जातो. यार्डात आम्हाला तांदूळ ५८ ला मिळाला, गांधी बझारात ६२ होता. चार रुपये वाचले, पाच रुपये भाडं गेलं. दोन पिशव्यांवर ५२ रुपयांचा तोटा.

मग वाचलं कशात? तूरडाळ ११८ ला आली, इथे १४० होती. भाडं वजा जाता किलोला १७, दहा किलोवर १७० रुपये. ज्वारी ४४ ला, इथे ५६. भाडं जाऊन ७, तीस किलोवर २१०. डाळ-ज्वारीचे ३८० आणि त्यातून कांदा-तांदळाचा तोटा वजा केला की सगळ्या खेपेत हाती राहिले २९० रुपये, आणि त्यासाठी घरातल्या दोन माणसांची अख्खी सकाळ गेली. हे भाव आमच्या वहीतले आहेत, तुमच्याकडे ते वेगळे असतील. पद्धत मात्र हीच धरा. जड आणि स्वस्त माल घराजवळून घ्यावा, आणि जो कोरडा, महाग आणि टिकाऊ, तोच लांबून आणावा. डाळ आणि ज्वारी दोन महिन्यांची, म्हणजे या खेपेच्या दुप्पट, एकदम आणली आणि कांदा-तांदूळ वगळले, तर साध्या रिक्षाने ४५० रुपये भाडं देऊनही फरकाचे ७१० रुपये राहतात. आम्ही आता हेच करणार.

दोन महिन्यांच्या पुढे मात्र जाऊ नका. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावून ठेवली तरी पावसाळ्यात कीड लागते, आणि डब्याच्या तळाशी पीठ दिसायला लागलं की समजायचं, उशीर झाला. ज्वारी अख्खी टिकते, पण दळून आणलेलं पीठ लवकर उतरतं. त्याची विरी गेली की भाकरी थापताना कडेने फाटते. म्हणून आमच्याकडे धान्य पोत्याने येतं आणि दळण आठवड्याचंच जातं. मॉलमध्ये पाच किलोच्या पिठाच्या पिशवीवर सूट दिसते, ती ज्वारीच्या घराने घेऊ नये.

कार्डवाल्या गोदामाबद्दल एवढंच सांगते. ओळखीच्या दुकानदाराचं कार्ड घेऊन अनेक घरं अशा ठिकाणी जातात. बिल त्याच्या जीएसटी क्रमांकावर निघतं आणि त्याच्या हिशेबात जातं. उद्या विचारणा झाली तर उत्तर त्याला द्यावं लागेल. शिवाय कराआधीचा भाव मोठ्या अक्षरात लिहिलेला असेल तर तो भाव आपला नव्हे. दुकानदाराला भरलेल्या कराची वजावट मिळते, घराला मिळत नाही. आपला भाव बिलाच्या शेवटच्या ओळीत असतो.

पण मला खरं बोलायचं आहे ते तेलाबद्दल, कारण मोठ्या घरांची सर्वांत जास्त फसगत तिथे होते. बाजारात दोन प्रकारचे डबे शेजारी शेजारी ठेवलेले असतात, दिसायला सारखे, दोन्हींवर आकडा १५. एकावर १५ लिटर, दुसऱ्यावर १५ किलो. तेल पाण्यापेक्षा हलकं. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल आहे साडेतेरा किलोच्या जरासं वर, नेमकं १३ किलो ६५० ग्रॅम. समजा लिटरवाला डबा १,९५० ला आणि किलोवाला २,१०० ला आहे. गर्दीत कोणीही १,९५० चा उचलेल. भागून बघा: पहिला पडतो किलोला १४३ रुपये, दुसरा १४०. दीडशे रुपये जास्त दिलेला डबाच स्वस्त आहे.

पिशव्यांची कथा याहून बारीक. तेल तापलं की फुगतं, म्हणून गरम तेलाचा लिटर वजनाला कमी भरतो. सोयाबीन तेलाचा एक लिटर २१ अंशांना ९१९ ग्रॅम असतो, ६० अंशांना ८९३ च्या आतबाहेर. काही कंपन्या पिशवीवर ६० अंशांचं वजन छापत होत्या. कोणाच्या स्वयंपाकघरात तेल ६० अंशांवर ठेवलेलं असतं? २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने तापमानाचा उल्लेख काढून खरं वजन छापायला सांगितलं, आणि त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंतची मुदत दिली. ते बरं झालं. पण आता लिटरच्या पिशवीसारखीच दिसणारी, ९१० ग्रॅमहून कमी भरणारी पिशवीही फळीवर असते, आणि तिच्यावर ‘लिटर’ हा शब्द कुठेच नसतो. घाईत घेणारा ती लिटर समजूनच घेतो.

डबा घ्यायचा की पिशव्या, याचं उत्तर तुमच्या घरात महिन्याला किती तेल लागतं यावर आहे. शेंगदाण्याचं तेल उघडल्यावर हवा लागत राहते. डबा दोन महिने पुरणार असेल तर शेवटच्या आठवड्यात फोडणीला खवट वास येतो आणि उरलेलं दिव्याला जातं. महिन्यात डबा संपवणाऱ्या घरानेच डबा घ्यावा. आमच्याकडे महिन्याला आठ किलो लागतं, म्हणून आम्ही पिशव्याच घेतो, दहा एकदम, आणि एकेक फोडतो.

या महिन्याचं तेल आणायला जाल तेव्हा डबा किंवा पिशवी उलटी करा आणि मागच्या बाजूचे ग्रॅम वाचा. किमतीशेजारी लहान पॅकवर दर ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा, मोठ्या पॅकवर दर किलोचा किंवा लिटरचा भावही छापलेला असतो. ग्रॅमची तुलना ग्रॅमशीच करा, आणि दुकानदाराने नुसतं ‘पंधराचा डबा’ म्हटलं तर त्याला तिथेच विचारा, किलो की लिटर.