परत आलेला माल आणि विक्रेत्याचा कर

विकलेला माल परत आला, तर त्या विक्रीवर भरलेला कर विक्रेत्याला परत मिळावा, हे तत्त्व जुनेच आहे. केंद्रीय विक्रीकर कायद्यातही सहा महिन्यांच्या आत परत आलेल्या मालाची किंमत उलाढालीतून वजा करता येत असे. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कर कायद्याने (जीएसटी) हे तत्त्व कलम ३४ मध्ये कायम ठेवले. मात्र १ ऑक्टोबर २०२५ पासून या कलमातील एक परंतुक बदलले. त्यामुळे विक्रेत्याच्या करातील सूट आता त्याच्या स्वतःच्या कागदपत्रांइतकीच खरेदीदाराच्या वर्तनावरही अवलंबून राहू लागली आहे. हा बदल दिसायला लहान असला, तरी त्याचा परिणाम थेट रोकडीवर होतो.

प्रथम मूळ व्यवस्था पाहू. माल परत आला की विक्रेता खरेदीदाराच्या नावे क्रेडिट नोट काढतो आणि ज्या महिन्यात ती काढली, त्याच महिन्याच्या विवरणपत्रात तिचा तपशील देतो. मूळ विक्रीच्या महिन्याचे विवरणपत्र बदलावे लागत नाही. नोंदणीकृत खरेदीदाराच्या क्रेडिट नोटचा तपशील जीएसटीआर-१ मध्ये स्वतंत्र तक्त्यात जातो. तेथून निव्वळ आकडा जीएसटीआर-३बी मध्ये उतरतो आणि त्या महिन्याचे करदायित्व तेवढ्याने घटते. खरेदीदाराने आधी घेतलेली इनपुट टॅक्स क्रेडिटची वजावट त्याच प्रमाणात कमी होणे, ही या व्यवहाराची दुसरी बाजू होय. सरकारच्या तिजोरीच्या दृष्टीने या दोन्ही बाजू जुळणे आवश्यक असते.

एक उदाहरण घेऊ. कोल्हापूरच्या एका वितरकाने जून २०२५ मध्ये सांगलीच्या दुकानदाराला प्रत्येकी २,५०० रुपयांचे १०० मिक्सर विकले, असे समजू. किंमत २,५०,००० रुपये आणि १८ टक्के दराने कर ४५,००० रुपये. दुकानदाराने त्या ४५,००० रुपयांची वजावट घेतली. नोव्हेंबर २०२५ मध्ये २० मिक्सर सदोष म्हणून परत आले. वितरकाने ५०,००० रुपये किंमत व ९,००० रुपये कर, म्हणजे ५९,००० रुपयांची क्रेडिट नोट काढली. व्यवहार राज्यांतर्गत असल्याने हा कर केंद्र व राज्य यांत प्रत्येकी ४,५०० रुपये असा विभागला जातो. नोव्हेंबरमध्ये वितरकाची इतर विक्री ४,००,००० रुपये व तिच्यावरील कर ७२,००० रुपये असेल, तर क्रेडिट नोट वजा जाता त्याचे दायित्व ६३,००० रुपये उरते.

जीएसटीआर-१ पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरले जाते. त्यातील क्रेडिट नोट दुकानदाराला 'इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीम' या संगणकीय व्यवस्थेत दिसते. १४ तारखेला त्याचे जीएसटीआर-२बी तयार होते आणि २० तारखेपर्यंत मासिक जीएसटीआर-३बी भरावयाचे असते. दुकानदाराने क्रेडिट नोट स्वीकारली किंवा काहीच केले नाही, तर ती स्वीकृत धरली जाते आणि त्याची वजावट ९,००० रुपयांनी घटते. ती एका कर-कालावधीसाठी प्रलंबित ठेवण्याची सोयही ऑक्टोबर २०२५ पासून मिळाली आहे. मूळ बिलावर वजावट घेतलीच नसेल किंवा अंशतः घेतली असेल, तर किती रक्कम परतवावयाची हे खरेदीदार तेथेच नोंदवू शकतो.

खरी अडचण तिसऱ्या पर्यायाची आहे. दुकानदाराने क्रेडिट नोट नाकारली, तर ते ९,००० रुपये वितरकाच्या पुढील कालावधीच्या जीएसटीआर-३बी मध्ये पुन्हा दायित्व म्हणून चढतात. वितरकाने तोवर दुकानदाराच्या खात्यावर ५९,००० रुपये जमा दिलेले असतात. म्हणजे माल परत आला, पैसेही गेले आणि करही अंगावर राहिला! नकारामागे दरवेळी कपट असतेच असे नाही. हिशेबनीस आपल्या वह्यांत परतीची नोंद सापडत नाही म्हणून, किंवा नोटेवरील रक्कम जुळत नाही म्हणूनही नाकारतो.

नवे परंतुक याच व्यवस्थेला कायद्याचे बळ देते. खरेदीदार नोंदणीकृत असेल आणि त्याने घेतलेली संबंधित वजावट परतवली नसेल, तर विक्रेत्याचे दायित्व घटणार नाही, असे ते सांगते. इतर प्रकरणांत, म्हणजे खरेदीदार सामान्य ग्राहक असेल तेव्हा, जुनीच कसोटी लागू राहते: कराचा भार दुसऱ्यावर टाकलेला नसावा. ग्राहकाने एक मिक्सर परत केला आणि दुकानदाराने त्याला करासह २,९५० रुपयांऐवजी फक्त २,५०० रुपये दिले, तर उरलेल्या ४५० रुपयांची सूट त्याला मागता येणार नाही.

या तरतुदीमागील तर्क नाकारता येत नाही. विक्रेत्याने कर कमी भरला आणि खरेदीदाराने वजावट तशीच ठेवली, तर सरकारचे नुकसान निश्चित असते. प्रश्न एवढाच आहे की, दुसऱ्याच्या चुकीची किंमत प्रामाणिक विक्रेत्याने का मोजावी? आजवर विक्रेत्याने कर भरला नाही म्हणून खरेदीदाराची वजावट अडत असे. आता त्याचीच उलट बाजू विक्रेत्याच्या वाट्याला आली आहे. मोठी कंपनी लहान विक्रेत्याची नोट नाकारते, तेव्हा तिला जाब विचारण्याचे बळ त्याच्याकडे क्वचितच असते.

दुसरा प्रश्न मुदतीचा. ज्या आर्थिक वर्षात विक्री झाली, ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या दिवसापर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवरच क्रेडिट नोटचा लाभ मिळतो. परंतु नोव्हेंबरमध्ये काढलेली नोट नोव्हेंबरच्या विवरणपत्रात जाते आणि ते डिसेंबरमध्ये भरले जाते. म्हणून व्यवहारात ३१ ऑक्टोबर हीच शेवटची तारीख मानणे शहाणपणाचे. याचा अर्थ असा की, एप्रिल २०२५ मधील विक्रीला सुमारे १८ महिने मिळतात, तर मार्च २०२६ मधील विक्रीला जेमतेम ७. मुदत उलटल्यावरही विक्रेता रक्कम जमा देऊ शकतो, पण त्यावरील कराची सूट त्याला मिळत नाही. अशा वेळी खरेदीदार नोंदणीकृत असल्यास त्याने परतीला नवी विक्री मानून स्वतःचे करबीजक द्यावे, हा मार्ग उरतो. मुदतबाह्य औषधांबाबत केंद्रीय मंडळाने २०१८ च्या परिपत्रकात तो मान्य केला आहे.

तोवर विक्रेत्याच्या हाती जे आहे, ते त्याने करावे. परतीचा माल ज्या चलनासोबत आला ते जपावे, नोटेवर मूळ बिलाचा क्रमांक द्यावा आणि ११ तारखेनंतर खरेदीदाराने काय केले, हे पोर्टलवरील विक्रेत्याच्या दृश्यात पाहावे. नकार चुकून झाला असेल, तर तीच नोट पुढील जीएसटीआर-१ च्या दुरुस्ती तक्त्यात न बदलता पुन्हा देता येते आणि खरेदीदाराला ती स्वीकारता येते. मात्र ही दुरुस्तीही मुदतीच्या आतच व्हावी लागते. म्हणून जुन्या वर्षाच्या परतीची नोट ऑक्टोबरच्या अखेरीस काढणाऱ्याला नकारानंतर दुसरी संधी मिळेलच, याची खात्री नाही.