'मोअर परफेक्ट'वर लाल रेघ कशासाठी?

बेटेगावातल्या वर्गात काय किंवा पुण्यातल्या शिकवणीत काय, विद्यार्थ्याने 'मोअर परफेक्ट' लिहिले की उत्तरपत्रिकेवर लाल रेघ ओढली जाते. कारण ठरलेले असते : परफेक्ट म्हणजे परिपूर्ण, जे पूर्ण आहे ते आणखी पूर्ण कसे होणार? हा आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो, पण तो टिकत नाही.

आधी निर्विवाद भाग. विशेषणाला 'ईआर' जोडायचा की आधी 'मोअर' ठेवायचा, हे उच्चारातल्या अवयवांवर ठरते, अक्षरांच्या संख्येवर नाही. एका अवयवाचे 'बिग', 'कोल्ड' घेतले तर 'बिगर', 'कोल्डर'. दोन अवयवांचे असून शेवट 'बिझी', 'नॅरो', 'सिंपल' यांच्यासारखा असेल तरी बहुधा 'ईआर'च. 'केअरफुल', 'मॉडर्न' आणि त्याहून लांब शब्दांना 'मोअर'. पण 'टायर्ड'सारख्या क्रियापदापासून बनलेल्या छोट्या शब्दालाही 'मोअर'च लागतो. शिवाय एकाच माणसातल्या दोन भावांची तुलना करताना 'सॅडर' चालत नाही. तो रागावलेला कमी, दुःखी जास्त आहे, हे सांगायला 'मोअर सॅड दॅन अँग्री' म्हणावे लागते. 'परफेक्ट' दोन अवयवांचा, शेवटी जोडव्यंजनाचा, म्हणून आज त्याला 'मोअर' लागतो. शेक्सपिअरने 'मॅकबेथ'मध्ये 'परफेक्टेस्ट' असे रूपही वापरले आहे. म्हणजे वाद रूपाचा नाही, अर्थाचा आहे.

तर्कपक्ष म्हणतो, की पूर्णत्वाला पायऱ्या नसतात. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लेथवर जाऊन पाहू. २५ मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट हवा आहे. पहिला उतरला २५.०३, दुसरा २५.०१. काटेकोरपणे पाहिले तर दोन्ही अपूर्ण. तरी दुसरा पूर्णत्वाच्या जास्त जवळ आहे, आणि इंग्रजीत 'मोअर परफेक्ट' म्हणणाऱ्याला नेमके तेच म्हणायचे असते. पूर्णत्व हा टोकाचा बिंदू असला, तरी त्या बिंदूपासूनचे अंतर कमीजास्त असतेच. इंग्रजीत 'निअरली परफेक्ट' बिनदिक्कत म्हणतात. जिथे 'जवळजवळ' चालते, तिथे 'अधिक जवळ'ही चालायला हवे.

यावर कुणी म्हणेल, मग 'मोअर निअरली परफेक्ट' लिहा. लिहा की, ते शुद्धच आहे. पण त्याचा अर्थ 'मोअर परफेक्ट'मध्ये आधीच सामावलेला असताना दुसऱ्याला चूक ठरवण्याचा अधिकार कुठून येतो?

हा दंडक जुन्या वापरातून आलेला नाही. लॅटिनमध्ये 'परफेक्टस'चे तुलनारूप 'परफेक्टिओर' होते आणि सिसेरोने ते वापरले. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये 'मोअर परफेक्ट' आहे. बंदी रुजवली ती व्याकरणकारांनी. १७९५च्या लिंडली मरेच्या व्याकरणाने 'परफेक्ट'ला तुलना न साहणाऱ्या शब्दांच्या यादीत बसवले. त्याआधी आठच वर्षे, १७८७ साली, अमेरिकेच्या संविधानाच्या उद्देशिकेत 'मोअर परफेक्ट युनियन' लिहिले गेले होते. तिथे हा शब्दप्रयोग गफलतीने आलेला नाही. १७८१पासून अमलात असलेल्या आधीच्या करारात राज्यांचा संघ होता, पण त्याच्या काँग्रेसला थेट कर बसवता येत नव्हता. संघ होता, पण अपुरा. तो अधिक पुरा करायचा होता. त्या जागी दुसरा शब्द घालून पाहा, हा अर्थ निसटतो.

आपल्याकडच्या पिढ्यांनी ज्या रेन आणि मार्टिनच्या व्याकरणावर इंग्रजी गिरवले, तेसुद्धा 'परफेक्ट'ला त्या यादीत घालते आणि लगेच 'मोस्ट परफेक्ट'चा प्रयोग रूढ असल्याचे मान्य करते. यादी पाठ होते, पुढची ओळ वगळली जाते. संस्कृतात तर 'श्रेष्ठ' हेच सर्वोच्च पायरीचे रूप, तरी शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात 'श्रेष्ठतम' येते. कारण श्रेष्ठांमध्येही वरचढ असू शकतो.

याचा अर्थ काहीही चालते असा नाही. 'मोअर बेटर' आजच्या प्रमाण इंग्रजीत चूकच, कारण 'बेटर'मध्ये तुलना आधीच झालेली आहे. 'सुपीरिअर' मुळातच लॅटिन तुलनारूप, म्हणून त्यालाही 'मोअर' नको. 'डेड'ला किंवा सम संख्येच्या 'ईव्हन'ला शब्दशः अर्थाने पायऱ्या नाहीत. 'परफेक्ट' मात्र यांतल्या कोणत्याच गटात बसत नाही : त्यात तुलना दडलेली नाही आणि त्याच्याकडे जाणारी वाट मोजता येते.

म्हणून इंग्रजीच्या शिक्षकांना विनंती आहे. 'मोअर बेटर'चा गुण जरूर कापा. औपचारिक परीक्षेत काही परीक्षक 'मोअर परफेक्ट'ला हरकत घेतात, हेही मुलांना सांगून ठेवा. पण वाक्यात 'पूर्णत्वाच्या अधिक जवळ' हा अर्थ स्पष्ट असेल, तर त्यावर रेघ ओढू नका.