वॉटरमार्क पुसू नका, जिथून लावला तिथून काढा



मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच विचारलं होतं: "सर, स्वतःच्याच फाइलवरचा वॉटरमार्क निघत नाही, एखादी वेबसाइट सांगा." मी वेबसाइट सांगणार नाही. का नाही, ते एका खऱ्या कामातून सांगतो.

जूनच्या सुरुवातीला लातूरच्या ट्यूशन एरियातले एक सर नांदेडला माझ्या दुकानावर आले. लातूर पॅटर्नमुळे तिथं क्लास किती आणि नोट्स किती छापल्या जातात, हे तुम्हाला माहीत आहेच. सरांनी भागीदारी सोडून स्वतःचा क्लास काढला होता. बायॉलॉजीच्या ११२ पानांच्या नोट्स, चार प्रकरणं, आणि प्रत्येक पानामागं जुन्या क्लासचं नाव तिरपं, फिकट अक्षरांत. ३०० प्रती काढायच्या होत्या. सर म्हणाले, "दादा, वॉटरमार्क काढला की हो मी, पण काही पानांवर अजून दिसतोय. पीडीएफ करून त्यावर पांढरी पट्टी मारता येईल का?"

पांढरी पट्टी मारली की वॉटरमार्क झाकला जातो, पण त्याच्यावरचा मजकूर आणि आकृतीच्या रेषाही झाकल्या जातात. बरं, खालचं नाव फाइलमध्ये तसंच राहतं. पीडीएफ मोबाइलवर गेली आणि कुणी जुन्या क्लासचं नाव शोधलं, तर ते बऱ्याचदा सापडतं. पीडीएफची परत वर्ड करायची म्हटलं, तर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉण्टमधला मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन बाहेर येतो. म्हणून मी सरांना आधी विचारलं, "मूळ वर्ड फाइल आहे का?" होती. मग काम अर्ध्या तासाचं.

आता समजून घ्या की वॉटरमार्क निघत का नाही. वर्डमध्ये वॉटरमार्क पानावर बसलेला नसतो, तो हेडरमध्ये बसलेला असतो. दिसतो पानाच्या मधोमध, पण राहतो वरच्या हेडरच्या घरात. म्हणून साध्या मजकुरात क्लिक केलं की तो हाताला लागत नाही. आणि हेडर फाइलला एकच नसतं. सरांनी प्रत्येक प्रकरणाआधी सेक्शन ब्रेक टाकला होता, म्हणजे चार सेक्शन. त्यात पहिल्या पानाचं हेडर वेगळं आणि सम-विषम पानांची हेडरं वेगळी ठेवली होती. म्हणजे एका सेक्शनला तीन हेडरं आणि चार सेक्शनांची बारा. डोळ्याला एक दिसणारा वॉटरमार्क बारा ठिकाणी बसला होता. सरांनी तो एका सेक्शनमधून काढला, बाकीच्यांत तो राहिला.

मी काय केलं ते क्रमानं सांगतो. आधी फाइलची कॉपी केली. मग Design टॅबमध्ये Watermark आणि त्याखाली Remove Watermark. तुमच्याकडं वर्ड २००७ किंवा २०१० असेल तर हेच बटण Page Layout मध्ये मिळेल. पहिल्या प्रकरणातलं नाव गेलं. मग सगळ्यात खालच्या पट्टीवर राइट क्लिक करून Section वर टिक केली, म्हणजे आपण कितव्या सेक्शनमध्ये आहोत ते दिसत राहतं. दुसऱ्या प्रकरणात जाऊन पानाच्या वरच्या कडेला डबल क्लिक केलं, हेडर उघडलं. आता वॉटरमार्कवर माउस नेला की चार बाणांची खूण येते. तिथं क्लिक आणि Delete. हेच पहिलं पान, सम पान, विषम पान असं तीनदा, आणि तसंच पुढच्या प्रकरणांत.

चौथ्या प्रकरणात मात्र Remove Watermark नं काहीच झालं नाही. तिथं Home टॅबमधल्या Select खालचं Selection Pane उघडलं, हेडर उघडं ठेवूनच. वर्डनं स्वतः लावलेल्या अक्षरांच्या वॉटरमार्कचं नाव त्या यादीत PowerPlusWaterMarkObject आणि पुढं आकडे असं दिसतं. इथं दिसत होतं नुसतं Picture. म्हणजे कुणीतरी क्लासचं नाव फोटो म्हणून हेडरमध्ये चिकटवलं होतं, त्यामुळं वर्डला तो वॉटरमार्क आहे हे कळणारच नाही. यादीतून निवडला, Delete केला, संपलं. शेवटी प्रिंट प्रिव्ह्यूत प्रत्येक प्रकरणाची पहिली तीन पानं बघितली. तीनच का, तर तिन्ही हेडरं तेवढ्यात येऊन जातात.

एक शॉर्टकट सांगितला जातो: File, Info, Inspect Document. तो वॉटरमार्क काढतो, पण सोबत सगळी हेडर-फुटरही उडवतो. पान क्रमांक गेले की ११२ पानं परत लावत बसा.

मूळ फाइल नसेल आणि फक्त पीडीएफ असेल तर? अॅक्रोबॅटमध्ये वॉटरमार्क काढायची सोय आहे, पण तो अॅक्रोबॅटनंच लावलेला असेल तरच ती भरवशाची. वर्डमधून आलेला वॉटरमार्क पीडीएफमध्ये साधा मजकूर किंवा चित्र होऊन जातो. आणि पान स्कॅन केलेलं असेल तर अक्षर आणि शिक्का दोन्ही एकाच फोटोचे ठिपके असतात, तिथं वेगळं काढण्यासारखं काही उरतच नाही. अशा वेळी नव्यानं टाइप करणं मला प्रामाणिक वाटतं.

आता खरा मुद्दा. काम संपल्यावर सरांनी दुसरी फाइल काढली, केमिस्ट्रीची. "हीपण करून टाका." मी विचारलं, "ही कुणी लिहिली?" म्हणाले, "भागीदारानं. टाइप मीच केली होती." मी ती केली नाही. टाइप केलं म्हणजे ती तुमची झाली असं नाही. आणखी एक गोष्ट माझ्या क्लासवाल्या मित्रांनी लक्षात ठेवावी: तुम्ही पगारावर शिकवत असाल आणि नोकरीचा भाग म्हणून नोट्स लिहिल्या असतील, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणं, वेगळा करार नसेल तर त्याचा पहिला मालक तुमचा मालक ठरतो. तुम्ही लिहिलं आणि ते तुमचं आहे, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. म्हणून भागीदारी करताना नोट्स कुणाच्या हे कागदावर लिहून घ्या. सरांनी लिहून घेतलं होतं, म्हणूनच बायॉलॉजीची फाइल मी हातात घेतली.

मला वाटतं, चूक वॉटरमार्क काढताना होत नाही, लावताना होते. आपण मूळ फाइलवरच शिक्का मारतो. त्यापेक्षा मूळ फाइल कायम कोरी ठेवा, नाव लिहा "बायो_मूळ". वाटायची वेळ आली की कॉपी करा, कॉपीवर वॉटरमार्क लावा, पीडीएफ करा. कोटेशनवर "कच्चा" लिहायचं असेल तरी तेच करा. गिऱ्हाइकानं होकार दिला की काही पुसायची गरज नाही, कोऱ्या फाइलमधून पक्कं कोटेशन काढायचं.

सर लातूरला परत गेले ते पेन ड्राइव्हमध्ये दोन फोल्डर घेऊन, एक "मूळ" आणि एक "वाटप". तुमच्या कॉम्प्युटरवर हे दोन फोल्डर आहेत का, ते आज दुकान बंद करायच्या आधी बघा.