हुकूम एकाचा, शिस्त तिघांची?

थिएटर कमांडला नाके मुरडणाऱ्यांनी आधी नकाशा पाहावा. लष्कराचे दक्षिण मुख्यालय पुण्यात, नौदलाचे पश्चिम मुख्यालय मुंबईत, हवाई दलाचे नैर्ऋत्य मुख्यालय गांधीनगरला. किनाऱ्यावर संकट आले तर मुंबईचा ॲडमिरल हवाई दलाकडे विमाने मागू शकतो, पण त्यांना हुकूम सोडू शकत नाही. थिएटर कमांडरच्या हाताखाली तिन्ही दलांच्या तुकड्या येतील. भरती-प्रशिक्षण दलप्रमुखांकडेच राहील.

पण नुसती खुर्ची पुरत नाही. अंदमानात २००१ पासून संयुक्त कमांड आहे. तरी दुसऱ्या दलाचा जवान चुकला, तर कारवाईसाठी त्याला मूळ दलाकडे पाठवावे लागे. तो अधिकार २०२३ च्या कायद्याने दिला. बावीस वर्षे मुख्याध्यापक होता, हजेरीपुस्तक मात्र दुसऱ्याच्या कपाटात! हा उशीर कोणाच्या हट्टापायी?