केशरी लघवी आणि क्षयाच्या गोळ्या



लघवी लाल झाली की क्षयाच्या गोळ्या थांबवाव्यात, हा एका पत्रलेखकाचा सल्ला घातक आहे. तो रंग रक्ताचा नव्हे, रिफाम्पिसिनचा. औषधच विटकरी, म्हणून घाम आणि अश्रूही केशरी होतात. गोळीनंतर काही तासांत रंग गडद होतो, पुढच्या डोसपर्यंत बराच फिका पडतो. औषध मध्येच सोडले, तर जंतू त्याला दाद देईनासे होतात.

मग कावीळ ओळखायची कशी, हा आक्षेप मात्र रास्त. याच गोळ्या कधी यकृताला बाधतात. तेव्हा लघवी दिवसभर काळ्या चहासारखी राहते, भूक मरते, उलट्या होतात, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडतो. अशा वेळी पुढचा डोस घेण्याआधी, त्याच दिवशी मेयो किंवा मेडिकल गाठून रक्त तपासून घ्यावे.

— एक वाचक, धंतोली, नागपूर