पार्सल भारतात आलं, मग ट्रॅकिंग का थांबलं?

बेळगावातल्या टिळकवाडीत राहणाऱ्या एका वाचकांचा फोन आला. इंग्लंडमधल्या मुलीने पोस्टाने पार्सल पाठवलंय. तिथल्या पोस्टाच्या साइटवर ‘भारतात पोहोचले’ असं दिसलं, आणि त्यानंतर बारा दिवस काहीच नाही. ‘हरवलं म्हणायचं का?’ त्यांनी विचारलं. आधी नंबर वाचायला सांगितला.

परदेशी पोस्टाचा नंबर तेरा अक्षरांचा असतो. सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मधे नऊ आकडे, शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. यांचा CP ने सुरू होऊन GB ने संपत होता. C म्हणजे पार्सल, R म्हणजे रजिस्टर्ड, E म्हणजे ईएमएस. नंबर U ने सुरू होत असेल, तर ते साधं, ट्रॅकिंग नसलेलं पाकीट. त्याची इकडच्या देशात नोंद व्हावी अशी अपेक्षाच धरू नये. स्वस्तातली ऑनलाइन खरेदी पुष्कळदा अशीच येते.

पण यांचं तर C होतं, मग गाडी कुठे अडली? पार्सलं सुटी येत नाहीत, मोठ्या थैल्यांतून येतात. थैलीला वेगळं लेबल असतं आणि आत कोणते नंबर आहेत ती यादी आधीच संगणकावरून येते. विमानतळावर थैली स्कॅन झाली की कधी कधी आतली सगळीच पार्सलं ‘पोहोचली’ दिसतात. प्रत्यक्षात थैली उघडून एकेक पार्सल स्कॅन व्हायचं बाकी असतं. त्या मधल्या दिवसांत पार्सल हरवलेलं नसतं, फक्त रांगेत असतं.

दुसरी गोष्ट, इकडचं स्कॅन तिकडे दिसायला आपल्या पोस्टाने तो संदेश परदेशी पोस्टाला पाठवावा लागतो, आणि त्यांनी तो दाखवावा लागतो. म्हणून तोच नंबर इंडिया पोस्टच्या साइटवर टाकायला सांगितला. तिथे निघालं: कस्टम्सकडे तपासणीसाठी. घरी कस्टम्सचं पत्र येऊन पडलं होतं, ओळखपत्र आणि वस्तूच्या किमतीचा कागद मागणारं. वीज बिलाच्या गठ्ठ्यात! कागद गेल्याशिवाय पार्सल हलत नाही, आणि ट्रॅकिंगवर तीच एक ओळ दिसत राहते.

खासगी कुरिअरचा किंवा विक्रेत्याचा नंबर मात्र पोस्टाच्या साइटवर चालत नाही. पार्सल वाटेत पोस्टाकडे दिलं असेल, तर तेरा अक्षरी दुसरा नंबर विक्रेत्याकडून मागून घ्यावा.

दोन्ही साइट गप्प असतील, तर इथल्या काउंटरवर भांडून फारसं निघत नाही. पार्सलाची रीतसर चौकशी पाठवणाऱ्याने आपल्या पोस्टात लावायची असते, तीही पाठवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मुलीला पावती जपून ठेवायला सांगितलंय. वडिलांनी कागद धाडले, आता पुढच्या स्कॅनची वाट बघतायत.